कागद कुठल्या टेबलावर आहे?

आमच्या भाऊकाकांना फोनवर समोरच्याचं नाव कळल्याशिवाय पुढचं वाक्य सुचत नाही. "नमस्कार. आपण कोण बोलताय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरून "एचआर डिपार्टमेंट" असं उत्तर आलं की ते शांतपणे म्हणतात, "डिपार्टमेंट बोलत नाही हो, माणूस बोलतो. नाव?" मग डायरीत तारीख, वेळ आणि नाव लिहिलं जातं. एवढं झाल्यावर ते खुर्चीत जरा सरसावून बसतात आणि मूळ प्रश्न विचारतात, "आमचा कागद सध्या कुठल्या टेबलावर आहे?"

कोल्हापूर जिल्हा परिषदेतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून ते निवृत्त झाले. म्हणजे निवृत्त झाल्याचं कार्यालयाला कळलंय, त्यांना अजून पुरतं कळायचंय. नात्यात कुणाचं जातपडताळणीचं प्रकरण असो की पेन्शनचं, काका खाकी लिफाफे, फायलीच्या टॅगचा जुडगा आणि स्टॅम्प पॅड घेऊन हजर होतात. स्टॅम्प पॅड कशासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. "समोरच्या ऑफिसचा शिक्का असतो, पण पॅड वाळलेलं असतं. मग म्हणतात, पोच उद्या न्या."

सायली ही माझी आतेबहीण, बेळगावची, म्हणजे त्यांची सख्खी भाची. बी.एस्सी. नर्सिंग तिकडेच झालं, नोकरीही तिकडेच. लग्न पुण्यात झालं, म्हणून तिने पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मुलाखत दिली आणि आयसीयूसाठी निवड झाली. पत्र आलं, 1 ऑगस्टला रुजू व्हा. सगळ्यांनी पेढे खाल्ले. काकांनी पेढा बाजूला ठेवून पत्राचा शेवटचा परिच्छेद वाचला. त्यात बारीक अक्षरात म्हटलं होतं की ही नेमणूक शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी यांच्या अधीन राहील.

"अधीन राहील," काका म्हणाले. "म्हणजे अजून काही झालेलं नाही. पेढे लवकर वाटलेत."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या पुण्याच्या घरी मुक्कामाला आले. किती दिवसांसाठी, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

आता इथे मूळ भानगड सांगायला हवी. नर्सची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे असते. सायलीची होती कर्नाटकच्या कौन्सिलकडे, म्हणजे बंगळुरूला. महाराष्ट्रात काम करायचं तर इथल्या कौन्सिलच्या नोंदवहीत नाव यायला हवं, आणि इथलं कौन्सिल आधी तिकडच्याला विचारणार की ही मुलगी खरंच तुमच्याकडे नोंदलेली आहे का, तिच्यावर काही कारवाई वगैरे नाही ना. हा झाला एक रस्ता. दुसरा रस्ता पदवीचा. हॉस्पिटल, किंवा हॉस्पिटलने नेमलेली पडताळणी एजन्सी, थेट विद्यापीठाला विचारणार की ही गुणपत्रिका तुमचीच का. दोन्ही रस्त्यांचा नियम एकच, उत्तर ज्याने विचारलं त्यालाच मिळणार. उमेदवाराच्या हाती ते पडलं तर त्याची किंमत गेली. सायलीने स्वतः आणलेली मूळ पदवी ही हॉस्पिटलच्या लेखी फक्त एक चांगला छापलेला कागद. खरेपणा ठरतो तो ज्याने पदवी दिली त्याच्या तोंडून.

काकांना हे पटेना. आयुष्यभर त्यांनी कागद स्वतःच्या हाताने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेले, आणि त्यांच्या मते प्रशासन चालतं ते त्यामुळेच. त्यांनी एचआरच्या मॅडमना फोन करून प्रस्ताव मांडला. "मी स्वतः बंगळुरूला जातो. रात्रीच्या गाडीने. सीलबंद लिफाफ्यात पत्र आणून तुमच्या हातात देतो."

"नाही काका, ते आम्हाला चालत नाही."

"लाख लावून आणतो."

"लाख लावली तरी नाही. मधे घरचं माणूस नको, हाच तर मुद्दा आहे."

काका फोन ठेवून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मुलगी तरुण आहे, पण नियम बरोबर सांगते." डायरीत तिच्या नावासमोर त्यांनी 'जाणकार' असा शेरा मारला.

हातात काही न्यायचं नाही म्हटल्यावर काकांकडे एकच शस्त्र उरलं, पाठपुरावा. त्याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. फोन सव्वादहाला करायचा नाही, कारण माणूस तेव्हा नुकताच आलेला असतो. जेवणानंतर लगेच करायचा नाही. अकराला करायचा, तेव्हा चहा पोटात असतो आणि साहेबांनी अजून बोलावलेलं नसतं. आणि 'झालं का?' असं कधीही विचारायचं नाही. "झालं का विचारलं की उत्तर येतं, प्रोसेसमध्ये आहे. त्यावर तू काय करणार? गप्प बसणार. म्हणून असं विचारायचं की ज्याचं उत्तर देताना समोरच्याला फाईल उघडावीच लागेल."

ते प्रश्न डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहेत. पत्र कोणत्या तारखेला गेलं? जावक क्रमांक काय, किंवा ईमेल असेल तर कुठल्या पत्त्यावर? त्यात नेमकं काय लिहिलं? उत्तर आलं असेल तर शब्दशः काय आलं? आणि राहिलेल्यातलं कुठलं काम आपल्याकडे आहे, कुठलं तुमच्याकडे, कुठलं तिसऱ्याकडे?

ईमेल मात्र ते सायलीकडून लिहून घेत, आणि तो प्रकार बघण्यासारखा असे. वर 'विषय', त्याखाली 'संदर्भ' आणि संदर्भात आधीच्या तिन्ही ईमेलांच्या तारखा. मग "महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की". सायली म्हणायची, "मामा, असं आता कुणी लिहीत नाही." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "म्हणूनच वाचतील." शेवटी सहीच्या खाली 'स्मरणपत्र क्र. 2'. पहिलं कधी गेलं, असं मी विचारलं तर म्हणाले, "पहिलं साधं पत्र होतं. पण स्मरणपत्राची सुरुवात दोनपासून केली की त्यांना वाटतं एक आपल्याकडून हरवलं."

हॉस्पिटलने मागितलेल्या कागदांची यादी त्यांनी भिंतीवर चिकटवली होती. दहावी-बारावी, नर्सिंगच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी, नोंदणी, अनुभवाचं पत्र, जुन्या नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र, बीएलएसचं कार्ड, हेपेटायटिस बीच्या लशीचा पुरावा. हृदय बंद पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात काय करायचं त्याचं प्रशिक्षण म्हणजे बीएलएस. ते कार्ड दोन वर्षं चालतं. काकांनी तारीख बघितली आणि ते संपायला नऊ महिने आहेत हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला, तो स्वतःच्या सातव्या वेतन आयोगाच्या फरकाच्या वेळीही झाला नव्हता.

लशीचं प्रकरण वेगळं निघालं. सायलीने तिन्ही डोस विद्यार्थिनी असताना घेतले होते, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पण कार्ड होस्टेलमध्ये राहिलं होतं. काका बेळगावच्या कॉलेजला पत्र लिहायला बसले, विषय-संदर्भासह. एचआरच्या मॅडमनी सांगितलं, त्याची गरज नाही, रक्तातल्या अँटिबॉडी मोजून घ्या, आकडा दहाच्या वर असला की झालं. आकडा व्यवस्थित वर आला. काका रिपोर्ट उलटसुलट करून बघत होते. "म्हणजे हिचं रक्तच दाखला देतंय. पुढे मागे सगळे दाखले असे निघाले तर तहसीलवाल्यांचं काय होणार?" मग खाली पॅथॉलॉजिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

जुनी नोकरी सोडण्यावरून घरात खरी चर्चा झाली. बेळगावच्या हॉस्पिटलला महिन्याची नोटीस द्यायची, त्याशिवाय मुक्ततेचं पत्र नाही. मुक्ततेच्या पत्राशिवाय इथे रुजू करून घेणार नाहीत. आणि इथली नेमणूक पडताळणीच्या 'अधीन'. म्हणजे पडताळणी व्हायच्या आत राजीनामा दिला आणि काही अडलं तर मुलगी दोन्हीकडून मोकळी. नवऱ्याचं म्हणणं, देऊन टाक राजीनामा, हॉस्पिटल मोठं आहे, फसवणार नाही. काकांचं म्हणणं, "फसवायला कोण बसलंय? अडकवतो तो कागद, माणूस नाही." शेवटी त्यांनी एचआरकडून ईमेलवर एक ओळ लिहून घेतली की पडताळणीला उशीर झाल्यास रुजू होण्याची तारीख पुढे नेता येईल, नेमणूक रद्द होणार नाही. ती ओळ मिळाल्यावरच राजीनामा गेला. त्या ओळीच्या काकांनी चार प्रती काढल्या. चार का, हे त्यांनाच ठाऊक.

जुलैच्या मध्याला मुंबईहून चांगली बातमी आली. बंगळुरूचं उत्तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे पोचलं आणि नोंदणी मार्गी लागली. त्याआधी आठवडाभर काकांनी एक निष्फळ लढाई लढली होती. अर्जाची पावती हातात होती, तिच्यावर सायलीला कामावर घ्या, असा त्यांचा आग्रह होता. मॅडम म्हणाल्या, "पावती म्हणजे अर्ज केल्याचा पुरावा, नोंदणी झाल्याचा नाही. त्या पावतीवर मी तिला पेशंटजवळ उभी करू शकत नाही." काका मनातून खूश झाले. त्यांनी स्वतः हेच वाक्य शेकडो लोकांना ऐकवलेलं होतं.

आणि पदवी मात्र अडली होती. एचआरच्या स्क्रीनवर रोज एकच शब्द दिसत होता, 'प्रलंबित'. 25 जुलै उजाडली. घरी सगळे विद्यापीठाला दोष द्यायला लागले. कर्नाटकातलं विद्यापीठ, मराठी मुलगी, असा सीमाप्रश्नाचा अँगलही एका काकूंनी काढून बघितला. काका एकटे शांत होते. "विद्यापीठाला शिव्या नंतर घालू. आधी आपण विचारलंय काय ते बघू."

अकरा वाजता फोन. नाव, तारीख. "मॅडम, एजन्सीने विद्यापीठाला पाठवलेल्या चौकशीत उमेदवाराचं नाव काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवता का?"

मॅडमनी एजन्सीकडून तो कागद मागवला आणि दुपारी वाचून दाखवला. सायली रोहित जाधव.

काकांनी डोळे मिटले. त्यांना सगळं कळलं होतं, आणि महाराष्ट्रात लग्न झालेल्या कुठल्याही बाईला कळेल. गुणपत्रिकेवर नाव होतं सायली एम. पाटील, वडील मारुती म्हणून एम. लग्नानंतर तिने हौसेने पहिल्याच महिन्यात आधार बदलून घेतलं. ओळखपत्र म्हणून एजन्सीला आधार गेलं, त्यांच्या माणसाने त्यावरचं नाव चौकशीत टाकलं आणि शुल्क भरून पाठवलं. विद्यापीठाने चारच दिवसांत अगदी चोख उत्तर दिलं होतं की या क्रमांकासमोर हे नाव नाही. एजन्सीच्या दफ्तरी त्याची नोंद 'विसंगती' अशी झाली, आणि विसंगतीचं करायचं काय हे कुणी ठरवलं नाही म्हणून हॉस्पिटलच्या स्क्रीनवर ती 'प्रलंबित' दिसत राहिली. तीन आठवडे सगळे अशा उत्तराची वाट बघत होते जे केव्हाच येऊन पडलं होतं.

काकांच्या मते विद्यापीठं उत्तर द्यायला इतकी चपळ नसतात. म्हणून इतक्या लवकर 'सापडत नाही' असं आलं की समजायचं, शोधणाऱ्याला चुकीचं नाव किंवा क्रमांक दिलाय. बनावट पदवी पकडली गेली तरी उत्तर तेच येतं, ही त्यातली मेख. सायलीच्या नावापुढे त्या तीन आठवड्यांत काय शंका उभी होती, याची तिला कल्पनाही नव्हती.

त्या संध्याकाळी काकांनी रागाने एक शब्द काढला नाही, हे मला विशेष वाटलं. मी एजन्सीवर तोंडसुख घेत होतो तर म्हणाले, "अरे, त्या पोराने आधार बघितलं. आधार बघायलाच आपण शिकवलंय सगळ्यांना." मग रात्री बसून त्यांनी प्रकरण बांधलं. विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि वर एका पानाचा तक्ता, कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे. दहावी, बारावी, पदवी आणि दोन्ही कौन्सिलांची नोंदणी, सगळीकडे सायली एम. पाटील. आधार आणि बँक, सायली रोहित जाधव. खाली निळ्या शाईत, "सबब, पडताळणीची चौकशी स्तंभ दोनमधील नावाने व्हावी, ही विनंती."

सायली म्हणाली, मग आता राजपत्रात नाव बदलून सगळीकडे जाधवच करून टाकू. काकांनी तिला हात जोडले. "रुजू होईपर्यंत कुठलाही कागद बदलू नकोस. ज्या नावाने नोंदणी आहे त्याच नावाने कामाला लाग, बॅजवर तेच घाल. नंतर बदलायचं तर आधी कौन्सिलकडे, मग हॉस्पिटलकडे, या क्रमाने. उलटा क्रम केलास तर मी असेन-नसेन." शेवटचं वाक्य ते कुठल्याही सल्ल्याला जोडतात.

चौकशी नव्याने गेली. 1 ऑगस्टची तारीख अर्थातच हुकली, आणि तिथे ती ईमेलची ओळ कामाला आली. एचआरने तारीख 18 वर नेली. विद्यापीठाचं उत्तर 11 तारखेला आलं.

या मधल्या दिवसांत आमच्या इमारतीत काकांची ख्याती पसरली होती. दुसऱ्या मजल्यावरचे भूलतज्ज्ञ डॉक्टर एका संध्याकाळी संकोचत आले. त्यांनाही नवीन हॉस्पिटल रुजू करून घेत नव्हतं. एमडी होऊन काळ लोटला होता, पण महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत ते अजून नुसते एमबीबीएसच होते. जादा पात्रतेची वेगळी नोंद करून घ्यायची असते, ती राहून गेली होती. शिवाय दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी तीस क्रेडिट पॉइंट, म्हणजे व्याख्यानं-परिषदांना हजर राहिल्याचे गुण. ती प्रमाणपत्रं एका पिशवीत होती आणि पिशवी बायकोने माळ्यावर टाकली होती. काकांनी डॉक्टरांकडे असं बघितलं, जसं डॉक्टर साखर तीनशे असूनही जिलबी खाणाऱ्या पेशंटकडे बघत असतील. "डॉक्टर, तुम्ही माणसं झोपवता. पण कागद झोपवून चालत नाही." पिशवी खाली आली. तारखेप्रमाणे लावली गेली. टॅग बांधला गेला.

18 तारखेला काका सायलीसोबत हॉस्पिटलात गेले. पेशंटचे नातेवाईक चारपर्यंत वर जाऊ शकत नाहीत असं रखवालदाराने सांगितलं, त्यावर ते "मी नातेवाईक पेशंटचा नाही, कर्मचाऱ्याचा आहे" म्हणाले आणि वर गेले. एचआरच्या मॅडमना प्रथमच प्रत्यक्ष भेटले. त्या उठून उभ्या राहिल्या. इतक्या फोननंतर त्यांना वाटलं होतं काका उंच असतील.

मॅडमनी समजावून सांगितलं की रुजू झाली म्हणजे लगेच सगळं करू दिलं जाणार नाही. सुरुवातीला सीनियर सिस्टरच्या देखरेखीखाली काम, मग एकेक काम तपासून यादी दिली जाते, ही औषधं शिरेतून ही एकटी देऊ शकते, व्हेंटिलेटरवरचा पेशंट हिच्याकडे सोपवता येईल, हे अजून नाही. नर्सिंग प्रमुखांच्या सहीने. डॉक्टरांनाही असंच, कुणाला कुठली शस्त्रक्रिया करता येईल ते समिती ठरवते.

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे अधिकार प्रदान केल्याचा आदेश! आमच्याकडे अगदी हेच. बीडीओला किती रुपयांपर्यंत मंजुरी देता येते, त्याचा तक्ता असायचा." मग गंभीर होऊन म्हणाले, "त्या आदेशाची एक प्रत हिच्या सेवापुस्तकात लागेल ना?"

मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे सेवापुस्तक नसतं. पर्सनल फाईल असते, तिच्यात लागते. काकांनी 'सेवापुस्तक नाही' असं डायरीत लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली.

ते कोल्हापूरला परत जातील असं आम्हाला वाटलं होतं. पण चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ते सायलीला फोनवर मजकूर सांगत होते. विषय, सहा महिन्यांचा परिवीक्षाधीन कालावधी पूर्ण झाल्यावर सेवेत कायम करणेबाबत. संदर्भ, आपले नेमणूक पत्र. सायली ड्यूटीवर होती, दबक्या आवाजात सांगत होती, "मामा, अजून चार दिवसच झालेत."

"म्हणूनच आत्ता पाठव," काका म्हणाले, "आणि खाली स्मरणपत्र क्रमांक दोन घाल."